छातीतले पाणी येते कुठून आणि जाते कुठे

छातीत पाणी झाले असे डॉक्टरांनी सांगितले की घरात सगळ्यात आधी पाण्याचा तांब्या पेशंटपासून दूर सरकतो. मग ताक बंद, दही बंद, केळी बंद. या सगळ्यामागे समजूत एकच असते, की जास्त प्यायले-खाल्लेले पाणी कुठून तरी छातीत उतरले. तसे काही होत नाही. आपण पितो ते पाणी आतड्यातून रक्तात जाते आणि जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. हृदय कमकुवत असेल तर डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, ती गोष्ट वेगळी. एरवी छातीत साठलेल्या पाण्याचा हिशोब तांब्याशी नाही, छातीतल्याच दोन गोष्टींशी जुळवावा लागतो. एक, तिथे किती झिरपते. दोन, तिथून किती निचरते. हा हिशोब समजला की डॉक्टर कुठली तपासणी कशासाठी करतात, हेही आपोआप उलगडते.

आधी जागा पाहू. ‘फुफ्फुसात पाणी’ असे आपण बोलून जातो, पण हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसते, बाहेर असते. फुफ्फुसावर एक पातळ, गुळगुळीत आवरण असते, त्याला प्ल्युरा म्हणजे फुफ्फुसावरण म्हणतात. त्याचे दोन पदर आहेत. आतला पदर फुफ्फुसाला चिकटून असतो आणि बाहेरचा पदर बरगड्यांच्या आतल्या बाजूला अस्तरासारखा लागलेला असतो. खाली हाच बाहेरचा पदर श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर पसरतो. दोन्ही पदरांच्या मधली फट सेंटिमीटरच नव्हे, अख्ख्या मिलिमीटरच्या भाषेतही मोजता येत नाही. ती मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकी असते.

या फटीत निरोगी माणसाच्याही पाणी असतेच. एका बाजूला आठ-दहा मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे. श्वास घेताना फुफ्फुस बरगड्यांवर घासू नये, सरकावे, यासाठी ते हवे असते. तेव्हा ‘पाणी आहे’ हा आजार नाही. त्या दोन चमच्यांचा लिटर होणे हा आजार, आणि त्यालाच रिपोर्टमध्ये प्ल्युरल इफ्युजन असे लिहिलेले असते.

आता झिरप. बाहेरच्या पदरात केशवाहिन्या, म्हणजे रक्ताच्या सगळ्यात बारीक नळ्या असतात. त्यांतल्या रक्ताला दाब असतो आणि तो पाण्याला बाहेर ढकलतो. फटीत उलट ओढ असते. फुफ्फुसाचा कल सतत आत आकसण्याकडे आणि छातीच्या पिंजऱ्याचा बाहेर फुलण्याकडे, त्यामुळे मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमीच राहतो. म्हणजे इकडून ढकलणे आणि तिकडून ओढणे, दोन्ही एकाच दिशेने.

मग सगळे पाणी बाहेर का येत नाही? कारण रक्तातली प्रथिने, त्यांतही मुख्यतः अल्ब्युमिन, पाणी स्वतःजवळ धरून ठेवतात. केशवाहिनीची भिंत बारीक चाळणीसारखी असते. पाणी तिच्यातून जाते, प्रथिनांचे मोठे कण बहुतेक मागेच राहतात. म्हणून निरोगी माणसाच्या या पाण्यात प्रथिने फार थोडी असतात. रक्ताच्या १०० मिलिलिटर द्रवात ७ ग्रॅमच्या आसपास, तर इथे एक-दीड ग्रॅम. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे रोगाचे निदान यावरच उभे राहते. या सगळ्या ओढाताणीतून दिवसभरात साधारण १५ मिलिलिटर पाणी फटीत येते.

जेवढे येते तेवढे जायला हवे. ते जाते लसिकावाहिन्यांवाटे. रक्तवाहिन्यांबाहेर झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडणारे नळ्यांचे दुसरे जाळे शरीरात असते. त्यातल्या द्रवाला लसिका, इंग्रजीत लिम्फ, म्हणतात. फुफ्फुसावरणाच्या बाहेरच्या पदराला जागोजागी अतिसूक्ष्म तोंडे असतात, त्यांना स्टोमाटा असे नाव आहे. ही तोंडे थेट लसिकावाहिन्यांत उघडतात. आतल्या पदराला अशी तोंडे नाहीत.

तोंडे सगळीकडे सारखी पसरलेली नसून श्वासपटलावर, खालच्या बरगड्यांच्या मध्ये आणि छातीच्या मधल्या भागाकडे जास्त असतात. पाणी वजनाने खाली उतरते आणि तिथेच निचरा होण्याची सोय दाट आहे. तोंडे इतकी मोठी की रक्ताच्या लाल पेशीसुद्धा त्यांतून अख्ख्या निघून जातात. छातीला मार लागून थोडे रक्त फटीत सांडले आणि काही दिवसांत ते आपोआप नाहीसे झाले, तर ते याच वाटेने गेलेले असते.

या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, प्रत्येक श्वासाबरोबर त्या दाबल्या-सोडल्या जातात, आणि आतल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत. पुढे छातीच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथी पार करून, मानेच्या बुडाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये हा द्रव रक्ताला मिळतो. शेवटच्या या वळणाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, पण हृदयविकारात तेच नडते.

पूर्वी वैद्यकाच्या पुस्तकांत वेगळे सांगितलेले असे. पाणी बाहेरच्या पदरातून येते आणि आतल्या पदरातल्या केशवाहिन्या ते शोषून घेतात, असे दीर्घकाळ मानले जाई. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नॉर्मन स्टॉब यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांवर प्रयोग झाले आणि हे चित्र बदलले. संशोधकांनी मेंढीच्या छातीत थोडी प्रथिने असलेला द्रव सोडला आणि तो कसा कमी होतो हे पाहिले. द्रव कमी होत गेला, पण उरलेल्या द्रवातले प्रथिनांचे प्रमाण तेवढेच राहिले. केशवाहिन्यांनी पाणी शोषले असते तर प्रथिने मागे राहून द्रव दाट झाला असता. तो दाट झाला नाही, याचा अर्थ द्रव आहे तसा, प्रथिनांसकट, कुठल्यातरी उघड्या तोंडातून निघून जात होता. ती तोंडे लसिकावाहिन्यांची.

त्याच प्रयोगांतून दुसरी मोठी गोष्ट कळली. गरज पडली तर हा निचरा नेहमीच्या झिरपेच्या वीस ते तीस पट होऊ शकतो. आपण कमीत कमी आकडा, वीस पट, धरू. म्हणजे १५ मिलिलिटर येत असेल तिथे ३०० मिलिलिटर घालवण्याची तयारी आहे. माणसाचे आकडे मेंढीवरून अंदाजाने काढलेले आहेत, तेव्हा त्यांना काटेकोर मापे समजू नये. पण हा राखीव जोर मोठा आहे, यात शंका नाही.

इथून खरा मुद्दा सुरू होतो. राखीव जोर एवढा असेल तर पाणी साठतेच कसे? नमुन्यादाखल एक पेशंट घेऊ. २८ वर्षांचा तरुण, वजन ६० किलो. तीन आठवड्यांपासून संध्याकाळी ताप येतो, कोरडा खोकला आहे. सुरुवातीला श्वास घेताना उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखे दुखत होते. आता दुखणे कमी झाले आहे, पण जिना चढताना धाप लागते. सोनोग्राफीत उजव्या बाजूला दीड लिटर पाणी दिसते.

दुखणे थांबले म्हणून बरे वाटते आहे, असे घरच्यांना वाटलेले असते. खरे तर सुजलेले दोन पदर एकमेकांवर घासत होते म्हणून दुखत होते. मध्ये पाणी भरले, पदर लांब झाले, घासणे थांबले. दुखणे जाऊन धाप येणे हे पाणी वाढल्याचे लक्षण आहे, आजार उतरल्याचे नाही. इथे हमखास फसगत होते.

आता हिशोब करू. समजा याचा निचरा पूर्ण बंद पडला, पण झिरप नेहमीसारखीच आहे. २१ दिवसांत १५ गुणिले २१, म्हणजे ३१५ मिलिलिटर साठतील. एवढ्याने छातीच्या समोरून काढलेल्या एक्स-रेवर फक्त खालचा टोकदार कोपरा बोथट झालेला दिसतो. साधारण २०० मिलिलिटर असल्याशिवाय तेही दिसत नाही. दीड लिटरचा प्रश्न काही यातून सुटत नाही.

उलट समजा निचरा ठणठणीत आहे आणि फक्त झिरप वाढली. दीड लिटर २१ दिवसांत जमायला रोज सुमारे ७० मिलिलिटर जास्तीचे यायला हवे. पण ७० मिलिलिटर म्हणजे काहीच नाही, ३०० ची तयारी असलेला निचरा ते सहज घालवील आणि पेशंटला पत्ताही लागणार नाही. म्हणून मोठे, काही आठवड्यांत जमलेले पाणी पाहिले की समजावे, बहुधा दोन्हीकडे बिघाड आहे. झिरपही वाढली आहे आणि निचराही खालावला आहे. फक्त एकाच बाजूचा दोष असेल तर तो फार मोठा असावा लागतो.

आपल्या तरुणाच्या बाबतीत हे दोन्ही कसे घडले? आपल्याकडे या वयात, एका बाजूला, तापाबरोबर पाणी झाले की पहिला संशय क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा. फुफ्फुसाच्या पृष्ठभागाजवळ टीबीची एक लहानशी गाठ असते. ती फुटून जंतूंचे थोडे अंश फटीत सांडतात. जंतू मोजकेच, पण शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि दोन्ही पदर सुजतात. सुजेमुळे केशवाहिन्यांच्या चाळणीची भोके मोठी होतात. मग पाणीच नव्हे, प्रथिनेही बाहेर येऊ लागतात. बाहेर आलेल्या प्रथिनांमध्ये फायब्रिन असते, रक्त गोठवणारा चिकट धागा. हा धागा आणि सूज मिळून निचऱ्याची सूक्ष्म तोंडे बुजवतात. एकाच सुजेने झिरप वाढवली आणि निचराही बंद केला.

हृदय कमकुवत झाल्यावर होणारे पाणी दिसायला तसेच, पण आतली गोष्ट वेगळी. हृदयाची डावी बाजू थकली की फुफ्फुसातल्या रक्ताचा दाब चढतो. फुफ्फुस पाण्याने फुगते आणि ते पाणी आतल्या पदरातून फटीत पाझरते. चाळणी मात्र शाबूत असते, म्हणून पाणी पातळ असते. त्याच वेळी मानेच्या शिरांतला दाबही वाढलेला असतो. लसिका त्याच शिरांत रिकामी व्हायची असते, आता तिला चढ्या दाबाविरुद्ध शिरावे लागते. अशा पेशंटचे पाणी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते. दोन्ही बाजूंना पाणी, पायांवर सूज आणि उताणे झोपल्यावर धाप, हे एकत्र दिसले तर डॉक्टर कित्येकदा सुई न घालता आधी हृदयाचे औषध देऊन बघतात.

कर्करोगात मुख्य अडथळा बहुधा छातीच्या मधल्या लसिकाग्रंथींत किंवा थेट तोंडांवर असतो, आणि आवरणावरच्या गाठींमधून झिरपही वाढते. यकृताच्या सिरॉसिसमध्ये पोटात साठलेले पाणी श्वासपटलाच्या बारीक छिद्रांतून वर ओढले जाते, बहुधा उजवीकडे. त्यांच्या तपशिलात इथे शिरायला नको.

बाहेरून सगळे पाणी पिवळसरच दिसते. मग चाळणी फाटली आहे की नुसता दाब वाढला आहे, हे ओळखायचे कसे? १९७२ मध्ये रिचर्ड लाइट या डॉक्टरांनी त्यासाठी एक सोपी कसोटी मांडली, ती आजही रोज वापरली जाते. पाण्यातली प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त असतील, किंवा एलडीएच नावाचे विकर रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त असेल, किंवा तेच विकर प्रयोगशाळेच्या नेहमीच्या कमाल पातळीच्या दोन तृतीयांशाहून जास्त असेल, तर चाळणी बिघडली आहे असे धरायचे. तिन्हींपैकी एक जुळले तरी पुरते. अशा पाण्याला रिपोर्टात एक्झुडेट म्हणतात, पातळ पाण्याला ट्रान्झुडेट.

आपल्या तरुणाच्या रक्तात प्रथिने ७.० आणि पाण्यात ५.२ आली, म्हणजे ०.७४ पट. एलडीएच रक्तात २१० आणि पाण्यात ५६०, म्हणजे अडीच पटीहून जास्त. चाळणी बिघडली आहे, हे स्पष्ट झाले. पाण्यातल्या पेशींत ८५ टक्के लिम्फोसाइट, म्हणजे जुनाट सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी. एडीए नावाची तपासणी ७२ आली. ही ४० च्या वर आणि लिम्फोसाइट जास्त असतील तर टीबीची शक्यता खूप वाढते. एडीए पू झालेल्या पाण्यात आणि काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांतही वाढते, म्हणून ती एकटी वाचून निकाल देऊ नये.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात. पहिली, पाणी तपासायला पाठवले पण त्याच दिवशी रक्ताचा नमुना घेतला नाही. तुलना करायला रक्त नसेल तर अर्धी कसोटी वाया जाते. दुसरी, हृदयाच्या पेशंटला लघवी वाढवणारी गोळी काही दिवस दिली आणि मग पाणी काढले. गोळीमुळे पाणी ओढले जाते, प्रथिने मागे राहतात, आणि पातळ पाणीसुद्धा कसोटीवर दाट ठरते. तेव्हा डॉक्टर रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक पाहतात. तो १.२ ग्रॅमहून जास्त असेल तर पाणी मुळात पातळच होते असे समजतात. म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत हे आपण आठवणीने सांगावे. तिसरी, पाण्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत म्हणजे टीबी नाही, असे धरणे. जंतू मुळात मोजके असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते फार थोड्या जणांच्या पाण्यात दिसतात. जीनएक्स्पर्ट चाचणीही पुष्कळदा निगेटिव्ह येते. शंका उरली तर आवरणाचा लहानसा तुकडा काढून तपासतात.

आता पाणी काढणे. पेशंटला पुढे झुकवून, हात टेबलावर किंवा उशीवर ठेवून बसवतात. सोनोग्राफीने जागा पक्की करतात, ती जागा बधिर करतात आणि पाठीकडून सुई घालतात. सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून जाते, कारण बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. एका वेळी साधारण एक ते दीड लिटरवर थांबतात. बरेच दिवस दबून राहिलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्याच्या आतच पाणी होऊ शकते. काढताना सतत खोकला आला किंवा छाती आवळल्यासारखी वाटली तर लाजू नये, लगेच सांगावे. डॉक्टर तिथेच थांबतात.

पाणी काढल्यावर धाप पटकन कमी होते. पाण्याच्या वजनाने खाली ढकललेले श्वासपटल पुन्हा वर येते आणि नीट हलू लागते, हे त्याचे मोठे कारण. पण सुईने ना चाळणी बुजते, ना निचऱ्याची तोंडे उघडतात. म्हणून मूळ आजाराचे औषध सुरू झाले नाही तर पाणी पुन्हा भरते. आठवड्याने परत भरले की ‘डॉक्टरांनी नीट काढले नाही’ अशी तक्रार होते. काढणे बहुधा बरोबरच असते, हिशोबाची दुसरी बाजू तशीच राहिलेली असते.

उलट फसवणूकही होते. टीबीचे पाणी औषधाशिवाय, काही महिन्यांत, आपोआप आटू शकते. जंतू थोडे असतात, सूज ओसरते, निचऱ्याची तोंडे मोकळी होतात आणि माणूस बरा दिसतो. टीबीची परिणामकारक औषधे येण्यापूर्वी, १९४० च्या दशकात, अमेरिकी लष्करातल्या अशा रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांना पुढच्या काळात टीबीने पुन्हा गाठल्याचे दिसले. पाणी गेले म्हणून औषधे मध्येच सोडणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते. सहा महिन्यांचा कोर्स पाण्यासाठी नसतो, उरलेल्या जंतूंसाठी असतो.

आपल्या तरुणाला औषधे सुरू झाली तर दोन आठवड्यांत ताप उतरायला हवा आणि दीड-दोन महिन्यांत बहुतेक पाणी. मध्येच, पहिल्या काही आठवड्यांत, पाणी थोडे वाढलेले दिसू शकते. मेलेल्या जंतूंच्या अंशांवर शरीराची सूज पुन्हा चढते म्हणून तसे होते. याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा लगेच काढू नये, पण डॉक्टरांना दाखवावे.

आणि सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेवर खालचा कोपरा अजून थोडा बोथट दिसला तर? त्याला पुन्हा ‘पाणी’ समजून सुई घालण्याआधी सोनोग्राफी करावी. पाणी असेल तर सोनोग्राफीत काळा, श्वासागणिक आकार बदलणारा पट्टा दिसतो. पदर जाड होऊन चिकटले असतील तर तिथे राखाडी थर दिसतो आणि सुईत काहीच येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो जाड झालेला पदर श्वासाला फारसा अडथळा करत नाही आणि त्याला औषधही लागत नाही. धाप मात्र अजून लागत असेल तर फुफ्फुस किती फुलते हे फुंकर मारायच्या स्पायरोमेट्री चाचणीने मोजून घ्यावे.